व्याजदर सांगता, मग परतावाही सांगा

तीन बँका आहेत असे धरू. पहिली बचत खात्यावर 6.15 टक्के व्याज देते, दुसरी 6.10 टक्के आणि तिसरी 6.05 टक्के. खाते कुठे उघडाल? शाळेत गणितात नापास झालेला माणूसही पहिल्या बँकेचे नाव घेईल. आता एक माहिती जोडू. पहिली बँक व्याज वर्षातून एकदाच खात्यात मिळवते, दुसरी दर सहा महिन्यांनी आणि तिसरी रोज. एक लाखाची रक्कम वर्षभर हात न लावता ठेवली, तर पहिल्या बँकेत 6,150 मिळतात, दुसरीत सुमारे 6,193 आणि तिसरीत सुमारे 6,236. क्रम पूर्ण उलटा झाला. सर्वांत कमी दर सांगणारी बँक सर्वांत जास्त पैसे देते आहे.

यात कोणी खोटे बोललेले नाही. तिन्ही बँकांचे दर खरे आहेत. अडचण अशी की वर्षाचा म्हणून सांगितलेला दर तुम्हाला वर्षाअखेर किती मिळणार हे सांगतच नाही. व्याज किती वेळा मुद्दलात मिसळणार हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ पुरा होत नाही. या आकड्याला नाममात्र दर म्हणतात. मी त्याला जाहीर दर म्हणेन, कारण जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरांत असतो. वर्षाअखेर प्रत्यक्ष हाती येणारी टक्केवारी म्हणजे प्रभावी वार्षिक परतावा. माझे म्हणणे असे की जाहीर दर जिथे छापला जाईल तिथेच, निदान तेवढ्याच ठळक अक्षरांत, हा परतावा छापणे बँकांना सक्तीचे असावे. पण एवढ्याने भागत नाही. खातेदाराला त्या काळात खरोखर किती टक्के मिळाले, हा तिसरा आकडा खातेउताऱ्यावर आला पाहिजे. पहिली मागणी लोकांना पटते, दुसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते पैसा जास्त अडकलेला असतो तो दुसरीत.

आधी फरक पडतो कुठून ते जवळून पाहू. एक लाख रक्कम, जाहीर दर 6 टक्के, व्याज दर तिमाहीला. बँक 6 ला 4 ने भागते आणि तिमाहीला दीड टक्का देते. पहिल्या तिमाहीअखेर 1,500 जमा होतात. दुसऱ्या तिमाहीत दीड टक्का लागतो तो 1,01,500 वर, म्हणून 1,522.50 मिळतात. तिसऱ्या तिमाहीत 1,545.34 आणि चौथ्यात 1,568.52. वर्षाची बेरीज 6,136.36. म्हणजे प्रभावी परतावा 6.14 टक्के.

हे वरचे 136.36 कुठून आले, ते सुटे करून बघण्यासारखे आहे. पहिल्या तिमाहीचे 1,500 पुढच्या तीन तिमाह्या खात्यात राहिले आणि दर वेळी त्यांच्यावर 22.50 मिळाले, ते झाले 67.50. दुसऱ्या तिमाहीच्या 1,500 ना दोन वेळा 22.50, म्हणजे 45. तिसऱ्याच्या 1,500 ना एकदाच, 22.50. हे झाले 135. राहिलेले 1.36 म्हणजे व्याजावरच्या व्याजाचे व्याज. चक्रवाढीबद्दल जे काही भारावून बोलले जाते, त्यातली खरी चक्रावणारी गोष्ट बचत खात्यावर एका वर्षात एवढीच असते: एक लाखामागे सव्वा-दीड. बाकी सगळा फरक साध्या कारणाने पडतो. तुमचे व्याज तुम्हाला लवकर मिळाले आणि ते तुम्ही खात्यातच ठेवले.

सूत्रात मांडायचे तर, r हा जाहीर दर दशांशात आणि n म्हणजे वर्षातून व्याज मिळवण्याच्या वेळा:

```
(1 + r/n)^n - 1
```

n वाढवत नेला की परतावा वाढतो, पण फार काळ नाही. 6 टक्क्यांवर वर्षातून एकदा व्याज मिळवले तर एक लाखावर 6,000, सहामाहीला 6,090, तिमाहीला 6,136, महिन्याला 6,168 आणि रोज मिळवले तर 6,183. पुढे तासाला, मिनिटाला, अगदी क्षणाक्षणाला व्याज मिळवले तरी 6,184 च्या पलीकडे ते जात नाही. 1683 च्या सुमारास स्विस गणिती जेकब बर्नुली याच प्रश्नाशी झटत होता. त्याने दर शंभर टक्के धरला आणि वर्षाचे तुकडे बारीक बारीक करत गेला. रकमेचे दुप्पट होण्याऐवजी सव्वादोन पट, मग 2.44 पट, मग 2.61 पट होत गेले, पण 2.72 ची वेस काही ओलांडली जाईना. आज गणितात e या अक्षराने ओळखली जाणारी संख्या या व्याजाच्या हिशेबातून वर आली. गणितासाठी ती मोठी गोष्ट होती. बचत खातेदारासाठी मात्र यातला धडा उलटा आहे: मासिक आणि दैनिक चक्रवाढीत 6 टक्क्यांवर एक लाखामागे जेमतेम 15 चा फरक आहे. ‘रोज चक्रवाढ’ ही जाहिरात ऐकून बँक बदलण्याचे कारण नाही.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हा फरक दराच्या प्रमाणात वाढत नाही, दराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तिमाही हिशेबाने 3 टक्क्यांचे 3.03 होतात, 6 चे 6.14 आणि 12 चे 12.55. दर दुप्पट केला की फरक चौपट. म्हणून स्वस्ताईच्या काळात, बचत खात्यांचे दर तीनच्या आसपास असतात तेव्हा, जाहीर दर आणि परतावा यांतला फरक कोणाला दिसतही नाही. दर चढले की तो डोके वर काढतो. कर्जाच्या बाजूला, जिथे महिन्याला दोन-तीन टक्के लावले जातात, तिथे तर तो अक्राळविक्राळ होतो, पण तो विषय वेगळा.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक लोक फसतात तिथे येऊ. ‘व्याज दररोज मोजले जाते’ असे बँक सांगते आणि ऐकणारा समजतो की चक्रवाढ रोज होते. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रोज मोजणे म्हणजे प्रत्येक दिवसाच्या शिल्लकेवर त्या दिवसाचे व्याज काढून ते बाजूला टिपून ठेवणे. ते टिपण जोवर मुद्दलात मिसळत नाही, तोवर त्या व्याजावर व्याज लागत नाही. रोज मोजून तिमाहीला मिळवणाऱ्या बँकेसाठी सूत्रातला n आहे 4. तो 365 नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजले जाऊ लागले. तेव्हा व्याज खात्यात पडत होते पूर्वीसारखेच दीर्घ अंतराने, म्हणून चक्रवाढीच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच बदलले नाही. बदल झाला तो दुसऱ्या आणि कितीतरी मोठ्या बाबतीत. त्याकडे पुढे येतो. 2016 मध्ये व्याज तिमाहीला किंवा त्याहून कमी अंतराने देण्याचा नियम झाला, तेव्हा कुठे n हलला.

खरे तर यात तीन तारखा असतात: व्याज मोजण्याची, ते मुद्दलात धरण्याची आणि खात्यावर जमा दाखवण्याची. काही देशांत बँका व्याज रोज मुद्दलात धरतात पण जमा दाखवतात महिनाअखेरीला. मग मधल्या काळात खाते बंद केले तर न दाखवलेले व्याज बुडू शकते. तशी अट अर्जाच्या कागदात असते. ही तिहेरी व्यवस्था उगाच केलेली नाही. 100 च्या शिल्लकेवर 6 टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज होते 0.0164. ते रोज खात्यात टाकायचे आणि दोन दशांशांपुढचे सोडून द्यायचे म्हटले, तर रोज 0.01 पडेल आणि वर्षाला सुमारे 3.65 मिळतील, सहा टक्के गेले कुठे, हे शोधत बसावे लागेल. म्हणून बँक मागच्या बाजूला अनेक दशांशांपर्यंत हिशेब ठेवते आणि ठरावीक तारखेला एकदाच आकडा पूर्ण करते. पद्धत योग्यच आहे. माझा आक्षेप एवढाच की या तीन तारखांपैकी जी सर्वांत चांगली दिसते ती जाहिरातीत येते आणि बाकीच्या दोन नियमावलीच्या तळाशी जातात.

फक्त जाहीर दरावर बोट ठेवले की काय होते, याचा एक मोठा प्रयोग इतिहासात झालेला आहे. अमेरिकेत 1933 च्या बँकिंग कायद्यानंतर ठेवींवरच्या व्याजाला कमाल मर्यादा घातली गेली. रेग्युलेशन क्यू या नावाने ती ओळखली जाई आणि 1986 पर्यंत टप्प्याटप्प्याने संपली. 1970 च्या दशकात बचत-आणि-कर्ज संस्थांच्या पासबुक खात्याला ही मर्यादा 5.25 टक्के होती. मर्यादा होती जाहीर दरावर. दर वाढवता येत नाही आणि ठेवी तर शेजारच्या संस्थेकडून ओढायच्या आहेत, मग करायचे काय? चक्रवाढीच्या वेळा वाढवायच्या. तिमाही हिशेबाने 5.25 चे 5.35 होत, रोज किंवा सतत चक्रवाढ केली की 5.39. एवढ्यावर न थांबता आणखी एक युक्ती निघाली. व्यापारी हिशेबात वर्ष 360 दिवसांचे धरण्याची जुनी रीत आहे. दिवसाचा दर काढताना 5.25 ला 360 ने भागायचे आणि व्याज मात्र 365 दिवस द्यायचे; मग सतत चक्रवाढीने 5.25 चे 5.47 होतात. त्या काळच्या जाहिरातींत 5.25 टक्क्यांच्या शेजारी हे जास्तीचे आकडे झळकत असत. कायदा पाळला गेला होता आणि त्याला वळसाही घातला गेला होता. ठेवीदाराचा यात फायदाच झाला हे खरे. पण तुलना करणाऱ्याची पुरती दैना झाली, कारण एकाच 5.25 चे पाच-सहा निरनिराळे अर्थ बाजारात फिरत होते.

यावर अमेरिकेने 1991 मध्ये ट्रूथ इन सेव्हिंग्ज कायदा केला. त्याखालच्या रेग्युलेशन डीडीने ‘ॲन्युअल पर्सेंटेज यील्ड’ म्हणजे एपीवाय हा आकडा कसा काढायचा ते ठरवून दिले आणि जाहीर दर त्याच्यापेक्षा ठळक छापायला मनाई केली. ब्रिटनमध्ये याच कामासाठी एईआर नावाचा आकडा वापरतात. माझी पहिली मागणी म्हणूनच काही नवलाची नाही. ती अमलात येऊन अनेक वर्षे झाली आहेत आणि त्यामुळे कोणत्याही बँकेचे दिवाळे निघालेले नाही.

या मागणीवर बँकांच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो फुटकळ नाही. बचत खाते म्हणजे मुदत ठेव नव्हे. त्यात पैसे येतात-जातात, आणि दर तर बँक केव्हाही बदलू शकते. प्रभावी परतावा काढताना रक्कम वर्षभर तशीच राहील, व्याज काढले जाणार नाही आणि दरही हलणार नाही, असे धरलेले असते. असा खातेदार मिळणे कठीण. मग त्याच्यासाठी छापलेला आकडा इतरांना दाखवणे ही दिशाभूल नाही का?

आक्षेपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. जो खातेदार दर तिमाहीला 1,500 काढून घेतो त्याला वर्षाला 6,000 च मिळतात हे खरे. पण त्याला ते वर्षाअखेर न मिळता दर तीन महिन्यांनी मिळतात आणि तो ते वापरू शकतो. वर्षातून एकदाच व्याज देणाऱ्या 6 टक्क्यांच्या बँकेपेक्षा त्याची स्थिती चांगलीच आहे. ते चांगले किती, हे मोजायला एक समान पट्टी लागते. प्रभावी परतावा ही पट्टी आहे. तुम्हाला नक्की किती मिळेल याचे भाकीत करणे हे तिचे कामच नाही. आणि आदर्श खातेदाराची गृहीतके नकोत म्हणून जाहीर दर वापरायचा म्हटले, तर तोही वर्षभराचाच दर आहे. दर बदलण्याची शक्यता त्यालाही तितकीच लागू आहे. फक्त त्यात चक्रवाढीची माहिती गाळलेली असते.

मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘परतावा’ शब्द छापायची सक्ती केली आणि त्याची व्याख्या मोकळी सोडली, तर आजच्याहून वाईट होईल. मुदत ठेवींच्या जाहिरातींत हे सर्रास दिसते. समजा 7.5 टक्के दराची, तिमाही चक्रवाढीची ठेव पाच वर्षांसाठी आहे. एक लाखाचे होतात 1,44,995. व्याज 44,995, त्याला पाचने भागले की 9 टक्के. जाहिरातीत ‘वार्षिक परतावा 9 टक्के’ असे छापले जाते. पाच वर्षांच्या चक्रवाढीचे फळ सरळव्याजासारखे वाटून टाकल्यावर हा आकडा फुगतो, आणि मुदत वाढवली की आणखी फुगतो. या ठेवीचा खरा प्रभावी वार्षिक परतावा आहे 7.71 टक्के. ओळखण्याची खूण सोपी आहे: वर्षाला खरोखर 9 टक्के मिळत असते तर पाच वर्षांत एक लाखाचे 1,53,862 झाले असते. त्याच जाहिरातीत मुदतीअखेरची रक्कम दिलेली असते. ती या आकड्याशी जुळत नाही. मुदत बदलली की परतावा बदलतो आणि दर तोच राहतो, असे कोष्टक दिसले की हा प्रकार चालू आहे असे समजावे. म्हणून सूत्र कायद्यात लिहिलेले हवे, दिवसांची संख्या 365 ठरलेली हवी आणि ‘परतावा’ हा शब्द दुसऱ्या कोणत्याही आकड्याला वापरायला बंदी हवी.

इथवरचा सगळा हिशेब एका लाखावर दीडशे-पावणेदोनशेचा होता. आता ज्या फरकाबद्दल कोणी बोलत नाही त्याकडे वळू. दर कितीही आणि चक्रवाढ कितीही वेळा असली, तरी व्याज लागते ते एका शिल्लकेवर. ती शिल्लक कोणती?

भारतात 31 मार्च 2010 पर्यंत नियम असा होता की प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज. खातेवह्या हाताने लिहिल्या जात त्या काळात ही सोय होती, कारण कारकुनाला महिन्याकाठी एकच आकडा शोधावा लागे. पण त्याचा परिणाम बघा. तीस दिवसांच्या महिन्यात पहिले वीस दिवस खात्यात एक लाख आहेत आणि एकविसाव्या दिवशी 80,000 काढले, शेवटचे दहा दिवस 20,000 राहिले. रोजच्या शिल्लकेची सरासरी येते 73,333. जाहीर दर 6 टक्के धरला तर रोजच्या शिल्लकेवर महिन्याचे व्याज होते 361.64. किमान शिल्लकेच्या पद्धतीने व्याज लागते फक्त 20,000 वर, आणि हातात येतात 98.63. बँकेने महिनाभर सरासरी 73,333 वापरले आणि व्याज दिले वीस हजारांचे. खातेदाराच्या सरासरी पैशावर दर पडला सुमारे 1.64 टक्के.

चक्रवाढीमुळे 6 चे 6.14 होतात की 6.18, याची चर्चा करणाऱ्या खातेदाराच्या पायाखालून इथे चार टक्क्यांहून जास्त निघून जातात. शिवाय दिशा उलटी आहे. चक्रवाढीमुळे परतावा जाहीर दराच्या वर जातो, तर शिल्लकेच्या पद्धतीमुळे तो खाली घसरतो. आणि जाहिरातीत छापलेला प्रभावी वार्षिक परतावा हे पकडू शकत नाही, कारण तो काढताना रक्कम वर्षभर तशीच राहते असे धरलेले असते. रक्कम हललीच नाही तर किमान शिल्लक आणि सरासरी शिल्लक एकच असते, आणि दोन्ही पद्धतींच्या बँका तोच परतावा छापतील. अमेरिकेच्या नियमाने हे ओळखून किमान शिल्लकेची पद्धतच बेकायदा ठरवली; रोजची शिल्लक किंवा रोजच्या शिल्लकेची सरासरी, एवढ्या दोनच पद्धतींना मुभा ठेवली. भारतातली 2010 ची सुधारणा त्याच दिशेची होती, आणि म्हणूनच ती n न हलवताही मोठी होती. जगात सगळीकडे असे झालेले नाही, आणि नव्या स्वरूपात हाच प्रकार परतही येतो. महिन्यात एकदाही पैसे काढले नाहीत तरच पूर्ण दर, नाहीतर त्या महिन्यापुरता अगदी किरकोळ दर, अशी अट असलेली खाती म्हणजे तीच जुनी पद्धत नव्या कपड्यांत.

टप्प्यांच्या दराचेही तसेच. ‘7 टक्क्यांपर्यंत व्याज’ असे म्हणणारे खाते पहिल्या एक लाखाला 3 टक्के आणि त्यावरच्या रकमेला 7 टक्के देत असेल, तर 1,20,000 ठेवणाऱ्याला वर्षाला 3,000 आणि 1,400 मिळून 4,400 मिळतात. चक्रवाढ बाजूला ठेवली तर हा दर 3.67 टक्के झाला. जाहिरातीतल्या सातापेक्षा तो तिनाच्या जास्त जवळ आहे. ‘पर्यंत’ या शब्दासाठी एखादा नियम झाला तर मला आनंदच होईल.

म्हणून दुसरी मागणी. जाहिरातीतला परतावा खाते उघडण्याआधी तुलना करायला आहे. खाते चालू झाल्यावर विचारायचे ते हे की या काळात माझ्या पैशावर खरोखर किती टक्के मिळाले. रेग्युलेशन डीडीत याचीही तरतूद आहे: ग्राहकाला नियमित खातेउतारा पाठवला तर त्यावर त्या काळातला ‘मिळालेला परतावा’ वर्षाच्या हिशेबाने छापावा लागतो. लागणारे आकडे तीनच आहेत: मिळालेले व्याज, त्या काळातली रोजच्या शिल्लकेची सरासरी आणि दिवसांची संख्या.

```
((1 + व्याज / सरासरी शिल्लक)^(365 / दिवस) - 1) * 100
```

वरच्याच महिन्याला हे लावू. रोजच्या शिल्लकेवर व्याज देणाऱ्या बँकेत 361.64 ला 73,333 ने भागायचे, त्यात 1 मिळवायचा, दिवस 30 धरून घात घ्यायचा. उत्तर येते 6.17 टक्के. किमान शिल्लकेच्या बँकेत व्याजाच्या जागी 98.63 घातले की उत्तर येते 1.65 टक्के. दोन्ही बँकांचा जाहीर दर 6. दोघींनी मासिक चक्रवाढ दिली तर जाहिरातीतला प्रभावी परतावाही दोघींचा 6.17. तिसरा आकडा उताऱ्यावर आला तरच त्या वेगळ्या दिसतात.

हा हिशेब ग्राहकाने स्वतः करावा, असे सल्ले बरेच मिळतात. व्याज उताऱ्यात असते आणि दिवस मोजता येतात, पण सरासरी शिल्लक काढायची तर महिन्यातला प्रत्येक व्यवहार, त्याची तारीख आणि त्यानंतरची शिल्लक घेऊन तीस दिवसांची बेरीज करावी लागते. वीस-पंचवीस व्यवहार असलेल्या खात्यावर हे करायला बसणारा माणूस विरळा. बँकेकडे मात्र हा आकडा तयार असतो. व्याज रोजच्या शिल्लकेवर काढायचे म्हणजे ती बेरीज तिने केलेलीच असते. किमान सरासरी शिल्लक राखली नाही म्हणून जिथे दंड आकारला जातो, तिथे तर तीच सरासरी बँक न चुकता, अगदी वेळेवर काढते. दंडासाठी जो आकडा निघू शकतो तो उताऱ्याच्या तळाशी एका ओळीत छापायला वेगळा खर्च येतो, हे कोणी मला पटवून देऊ शकेल असे वाटत नाही.

आकडा आला की त्याच्या मर्यादाही येतील. ज्या महिन्यात व्याज जमाच झाले नाही त्या महिन्यात मिळालेला परतावा शून्य दिसेल आणि तिमाहीच्या महिन्यात भलताच फुगेल. म्हणून उताऱ्याचा काळ आणि व्याजाचा काळ एकच धरला पाहिजे, किंवा जमा न झालेले पण लागू झालेले व्याजही हिशेबात घेतले पाहिजे. शिल्लक अगदी किरकोळ असेल तर पैशांच्या पूर्णांकनाने आकडा वेडावाकडा होईल. त्यासाठी एखादी खालची मर्यादा ठरवता येईल. हे तपशील नियमात लिहिता येण्यासारखे आहेत आणि अमेरिकेत त्यांतले काही लिहिलेलेही आहेत. 6.17 आणि 1.65 यांतला फरक त्यांच्यामुळे झाकला जात नाही.